५ टक्क्यांचे दोन रेझिस्टर लावले, तर आउटपुट किती हलणार?

प्रश्न: माझ्या बोर्डवर २४ व्होल्टचा सप्लाय (±५ टक्के) मोजायला डिव्हायडर लावलाय. वर ६८ के, खाली १० के, दोन्ही ५ टक्के टॉलरन्सचे. मायक्रोकंट्रोलरचा एडीसी ३.३ व्होल्टपर्यंत मोजतो. मी म्हणतो आउटपुटही ±५ टक्क्यांतच राहील. सहकारी म्हणतो दोघांचे मिळून १०. कोण बरोबर? आणि हे असंच चालेल का?

उत्तर:

बरोबर दोघांपैकी कुणीच नाही. तुमचं आउटपुट वाईटात वाईट परिस्थितीत वर ९ टक्क्यांपर्यंत आणि खाली सुमारे साडेआठ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. आणि असंच चालणार नाही, कारण त्या वरच्या टोकाला असलेला बोर्ड नेमक्या २४ व्होल्टलाच एडीसीच्या मर्यादेबाहेर गेलेला असेल.

आधी आकडा कुठून आला ते बघू. डिव्हायडरचं गुणोत्तर आपण सगळे पाठ म्हणतो:

```
k = R2 / (R1 + R2)
Vout = Vin * k
```

R1 वरचा, R2 खालचा. तुमच्याकडे k = 10/78, म्हणजे ०.१२८२. २४ व्होल्टला आउटपुट ३.०७७ व्होल्ट. आता टॉलरन्स घालताना बरेच जण पहिली चूक इथेच करतात: दोन्ही रेझिस्टर ५ टक्के वाढवून बघतात. ७१.४ के आणि १०.५ के. गुणोत्तर येतं १०.५ भागिले ८१.९, म्हणजे पुन्हा ०.१२८२. जागचं हललंच नाही! मग दोन्ही ५ टक्के कमी करून बघतात, तरीही तेच. आणि निष्कर्ष निघतो की टॉलरन्सने काही फरक पडत नाही. डिव्हायडरला रेझिस्टरची प्रत्यक्ष किंमत कळतच नाही, त्याला कळतं फक्त त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण. दोघं बरोबरीने वाढले किंवा घटले तर प्रमाण तेच राहतं. ते बिघडतं दोघं विरुद्ध दिशांना गेले की.

म्हणून आउटपुट सर्वांत जास्त कधी, तर खालचा सर्वांत मोठा आणि वरचा सर्वांत लहान असेल तेव्हा. १०.५ के आणि ६४.६ के. १०.५ भागिले ७५.१, म्हणजे ०.१३९८. २४ व्होल्टला ३.३५६ व्होल्ट. सर्वांत कमी कधी, तर ९.५ के आणि ७१.४ के असताना: ९.५ भागिले ८०.९, म्हणजे ०.११७४, आउटपुट २.८१८ व्होल्ट. मूळ ३.०७७ पासून हे वर ९.०५ टक्के आणि खाली ८.४ टक्के. दोन्ही बाजू सारख्या नाहीत हेही लक्षात घ्या. टॉलरन्स मोठा असला की ही असमानता दिसते, १ टक्क्याला ती जवळपास नाहीशी होते.

टोकं फक्त कोपऱ्यांवरच का तपासायची, मधे कुठे याहून वाईट काही निघणार नाही कशावरून, असं मला बरेचदा विचारतात. खालचा वाढवत गेलं की आउटपुट सतत वाढतच जातं, वरचा वाढवत गेलं की सतत घटतच जातं. मधे कुठे चढ-उतार नाही. त्यामुळे शेवटची टोकं कोपऱ्यांतच मिळणार. हाताने करायचा कंटाळा असेल तर एवढं पुरे:

```python
Vin, R1, R2, t = 24.0, 68e3, 10e3, 0.05
for a in (1-t, 1+t):
    for b in (1-t, 1+t):
        print(a, b, Vin*R2*b / (R1*a + R2*b))
```

चार ओळी छापल्या जातील. त्यातल्या दोन ३.०७७ च असतील, उरलेल्या दोन तुमच्या कामाच्या.

आता मुख्य गोष्ट, जी कळली की पुढच्या वेळी कॅल्क्युलेटर उघडावा लागत नाही. खालचा रेझिस्टर १ टक्का वाढला तर काय होतं? तो अंशात आहे, त्यामुळे अंश १ टक्का वाढला. पण तोच छेदातही आहे. छेदात त्याचा वाटा k एवढा, म्हणून छेद k टक्के वाढला. निव्वळ वाढ उरली (1-k) टक्के. आता वरचा १ टक्का वाढवा. तो फक्त छेदात आहे आणि छेदातला त्याचा वाटा (1-k). म्हणजे आउटपुट (1-k) टक्के घटलं. दोघांचा परिणाम आकाराने अगदी सारखा, दिशा फक्त उलट. म्हणून दोन्ही उलट दिशेने गेले की:

```
आउटपुटमधला टक्केवारीत फरक ≈ ±(t1 + t2) * (1 - k)
```

तुमच्या बाबतीत १० टक्के गुणिले ०.८७२, म्हणजे ८.७ टक्के. वरचे ९.०५ आणि ८.४ यांच्या बरोबर मधे. कागदाच्या कडेला खरडण्यासाठी हे सूत्र पुरेसं आहे. मर्यादेच्या अगदी काठावर असाल तर मात्र कोपरे नीट काढा.

याच सूत्रात तुमच्या आणि सहकाऱ्याच्या वादाचाही निकाल आहे. दोन्ही रेझिस्टर सारखे असते, म्हणजे k निम्मं, तर उत्तर १० चं निम्मं, ५ टक्के. तुमचं म्हणणं तिथे तंतोतंत लागू पडतं. उलट ४०० व्होल्टवरून ३ व्होल्टवर यायचं असतं तर k जवळजवळ शून्य, (1-k) जवळजवळ १, आणि उत्तर जवळपास १० टक्के. तिथे सहकारी जिंकला असता. आणि k १ च्या जवळ असेल, म्हणजे व्होल्टेज अगदी थोडंसंच कमी करायचं असेल, तर स्वस्तातला रेझिस्टरही क्वचितच त्रास देतो. जितकं जास्त व्होल्टेज पाडाल तितका टॉलरन्स तुम्हाला जास्त छळणार.

अजून एक गैरसमज इथेच मिटतो. 'खालचा लहान आहे, तोच महत्त्वाचा, तेवढा १ टक्क्याचा घेऊ' असं मी कितीतरी डिझाइन रिव्ह्यूमध्ये ऐकलंय. काही जण बरोबर उलटं म्हणतात: 'सगळं व्होल्टेज वरच्यावर पडतं, तो चांगला घेऊ.' दोन्हीचा परिणाम सारखाच. एक ५ टक्क्यांचा आणि एक १ टक्क्याचा घेतला तर कुठलाही बदला, वरच्या बाजूची चूक सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांच्या दरम्यान येते. अर्धं काम करून अर्ध्याहून कमीच फायदा. बदलायचे तर दोन्ही बदला.

आता बोर्डावर हे कसं दिसेल ते सांगतो. फर्मवेअरमध्ये तुम्ही ७.८ ने गुणून व्होल्टेज दाखवत असणार (७८ भागिले १०). खालच्या टोकाचा बोर्ड खऱ्या २४ व्होल्टला २१.९८ दाखवेल. हे त्रासदायक आहे, पण निदान चूक दिसते तरी. वरच्या टोकाच्या बोर्डाला दाखवायचे असतात २६.१७, पण एडीसी ३.३ व्होल्टलाच थांबतो, म्हणून स्क्रीनवर येतात २५.७४. आणि ते २५.७४ तसेच राहतात: सप्लाय २३.७ असो, २४ असो की २५. कारण त्या बोर्डाचा एडीसी २३.६ व्होल्टलाच भरलेला आहे.

माझ्याकडे असाच एक प्रकार झाला होता. एका लॉटमधले थोडे बोर्ड 'ओव्हरव्होल्टेज' म्हणून बंद पडत होते, बाकीचे ठणठणीत. आम्ही आधी फर्मवेअर शोधलं, मग सप्लायचा रिपल बघितला, मग फिल्टरचा कपॅसिटर बदलला. दोन दिवस गेले. शेवटी एकाने लॅब सप्लायचा नॉब सावकाश फिरवत एडीसीचा कच्चा आकडा बघायला घेतला. आकडा नीट वाढत गेला आणि ४०९५ ला जाऊन खिळला, नॉब मात्र अजून फिरतच होता. १२ बिटच्या एडीसीत ४०९५ हा शेवटचा आकडा. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. म्हणून माझी सवय अशी: रीडिंग एकाच किमतीला चिकटलं असेल तर व्होल्टमध्ये रूपांतर केलेला आकडा बघायचाच नाही, कच्चा आकडा बघायचा. तो कमाल किमतीवर असेल तर तुम्ही मोजत नाही आहात, भिंतीला टेकला आहात.

पिन जळेल का ही भीती इथे फारशी नको. सप्लाय २५.२ असताना वाईटात वाईट बोर्डाच्या पिनवर साधारण ३.५२ व्होल्ट येतील, आणि मधे ६० केहून मोठा रेझिस्टर असल्याने प्रवाह मिलिअँपच्या अंशातच राहतो. तरीही तुमच्या कंट्रोलरच्या डेटाशीटमधली पिनची कमाल मर्यादा एकदा बघा.

मग दोन्ही १ टक्क्याचे घेतले तर? कोपरे पुन्हा काढू. १०.१ आणि ६७.३२: गुणोत्तर ०.१३०५. ९.९ आणि ६८.६८: ०.१२६०. म्हणजे साधारण ±१.७५ टक्के. वाईटात वाईट बोर्डाचा एडीसी आता ३.३ भागिले ०.१३०५, म्हणजे २५.३ व्होल्टला भरेल. तुमचा सप्लाय जास्तीत जास्त २५.२. कागदावर जमलं, ०.१ व्होल्ट राखून.

पण हा विजय कागदावरचाच. रेझिस्टरवर छापलेला टॉलरन्स म्हणजे खोलीच्या तापमानाला, नवा असताना, सोल्डर होण्याआधी. त्यानंतर तापमानाचा भाग येतो. साध्या १ टक्क्याच्या चिप रेझिस्टरला बहुधा १०० पीपीएम प्रति अंश असं लिहिलेलं असतं. बोर्ड २५ वरून ८५ अंशांवर गेला तर ६० अंश गुणिले १०० पीपीएम, म्हणजे आणखी ०.६ टक्के. हे ± आहे, म्हणजे एक वर आणि एक खाली जाऊ शकतो. वाईटात वाईट धरायचं तर टॉलरन्स १ नाही, १.६ टक्के. आता वरचं गुणोत्तर ०.१३१८ आणि एडीसी भरतो २५.०३ व्होल्टला. गेलं ०.१ व्होल्ट, उलट आपणच मागे पडलो. सोल्डरिंग आणि वर्षानुवर्षांच्या वापराने होणारा बदल डेटाशीटमध्ये वेगळ्या ओळींत दिलेला असतो. तो मी अजून धरलेलाच नाही.

इथे आणखी महागडे रेझिस्टर शोधू नका. खरा दोष टॉलरन्सचा नाहीच, तो जागा न ठेवण्याचा आहे. ६८ के निवडताना तुम्ही २५.७४ व्होल्टची पूर्ण मर्यादा बघितली आणि २५.२ त्यात बसतात म्हणून खूश झालात. वरचा ७५ के करा. k होतं १० भागिले ८५, म्हणजे ०.११७६. १.६ टक्के धरून वरचं टोक ०.१२१, आणि एडीसी भरतो २७.२७ व्होल्टला. एडीसीचा संदर्भ म्हणून ३.३ व्होल्टची रेलच वापरत असाल आणि ती २ टक्के खाली, म्हणजे ३.२३४ वर असेल, तरीही मर्यादा २६.७२. आता २५.२ आरामात बसतात. बदल्यात काय गमावलं? एका काउंटला आधी इनपुटचे ६.३ मिलिव्होल्ट होते, आता ६.८. हे तुमच्या लक्षातही येणार नाही. ७५ के ई-२४ मालिकेत आहेच, त्यामुळे किंमत जुळवण्यासाठी वेगळी कसरत नाही.

तर पुढच्या वेळी क्रम असा ठेवा: आधी सर्वांत जास्त इनपुट, मग वाईटात वाईट k, मग सर्वांत कमी संदर्भ, आणि त्यावरून रेझिस्टर. नॉमिनल किमती घेऊन आधी रेझिस्टर बसवले आणि नंतर टॉलरन्स तपासला की आपण आपल्याच निवडीची वकिली करत बसतो.

भिंतीचा प्रश्न सुटला, पण अचूकतेचा अजून उरलाच आहे. ७५ के घेतल्यावर १.६ टक्क्यांचा फैलाव (1-k) मधून जाऊन साधारण ±२.८ टक्के होतो, म्हणजे २४ व्होल्टला पाऊण व्होल्टाच्या जरा आत. सप्लाय आहे की गेला एवढंच बघायचं असेल तर भरपूर झालं. त्याहून बारीक हवं असेल तर प्रत्येक बोर्ड एकदा ज्ञात व्होल्टेजला कॅलिब्रेट करा आणि ७.८ किंवा ८.५ च्या जागी त्या बोर्डाचा स्वतःचा गुणक मेमरीत ठेवा. त्याने १ टक्क्याचा कायमचा भाग पूर्ण जातो, आणि संदर्भ रेलची त्या वेळची चूकही त्यातच जाते. तापमानाचा भाग मात्र राहतो: सुमारे ±१ टक्का, पाव व्होल्ट. आणि एक लक्षात ठेवा, ४०९५ ला खिळलेला बोर्ड कॅलिब्रेट करता येत नाही. माहितीच पोचलेली नाही, तर गुणक कशाला लावणार? म्हणून आधी जागा, मग कॅलिब्रेशन.

पाव व्होल्टही जास्त वाटत असेल तर एकाच सब्स्ट्रेटवर बनवलेलं रेझिस्टर नेटवर्क घ्या. त्याच्या डेटाशीटमध्ये प्रत्येक रेझिस्टरच्या टॉलरन्सशिवाय प्रमाणाचा टॉलरन्स आणि तापमानाबरोबर दोघं किती एकत्र हलतात हे वेगळं दिलेलं असतं. आपल्याला तेच हवं असतं, कारण एकत्र हललेलं डिव्हायडरला जाणवतच नाही. सूत्रात मग (t1 + t2) च्या जागी थेट प्रमाणाचा टॉलरन्स घाला.

सहकारी कदाचित म्हणेल, 'दोन्ही रेझिस्टर एकाच वेळी उलट टोकांना? हे प्रत्यक्षात कधी होतं?' मुद्दा रास्त आहे. दोन स्वतंत्र चुका वर्गमूळ पद्धतीने जोडल्या तर तुमच्या ५ टक्क्यांच्या जोडीसाठी ८.७ ऐवजी ६.२ टक्के येतात. पण त्या पद्धतीत एक गृहीतक दडलेलं आहे: चुका शून्याभोवती विखुरलेल्या आहेत. तुमचे ६८ के एका रीळमधून येतात, १० के दुसऱ्या. एका रीळमधले रेझिस्टर बहुधा एकमेकांसारखेच असतात. एक रीळ सगळं ३ टक्के खाली आणि दुसरं ३ टक्के वर असेल, तर तुमच्या संपूर्ण लॉटचे बोर्ड एकाच दिशेला सरकलेले निघतात. सरासरी काढायला तिथे विखुरलेलं काही नसतंच. एकाच किमतीचे दोन रेझिस्टर असतील तर हीच गोष्ट आपल्या बाजूने जाते, कारण दोन्ही एकाच रीळमधले. म्हणून एडीसीची मर्यादा, ट्रिप पॉइंट, सुरक्षिततेचं कटऑफ यांना मी नेहमी कोपरेच धरतो. वर्गमूळवाला आकडा डिस्प्लेवरच्या अचूकतेचा अंदाज सांगायला ठीक आहे.

जाता जाता, 'वरचा एक ७५ के घेण्याऐवजी दोन सिरीजमध्ये घेतले तर टॉलरन्स दुप्पट होईल का' हाही हमखास येणारा प्रश्न. नाही होत. १ टक्क्याचे कितीही सिरीजमध्ये लावा, वाईटात वाईट बेरीज १ टक्क्याच्याच आत राहते.

शेवटी, बोर्ड हातात आल्यावर तपासणी कशी करायची. बसवलेला रेझिस्टर मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर मोजू नका. आजूबाजूच्या सर्किटमधून समांतर वाट असते आणि खोटा आकडा येतो. त्याऐवजी सप्लाय चालू ठेवा, एकाच मीटरने आधी डिव्हायडरच्या डोक्यावरचं आणि मग मधल्या बिंदूवरचं व्होल्टेज मोजा आणि भागाकार करा. तोच त्या बोर्डाचा खरा k. दोन्ही आकडे एकाच रेंजवर घेता आले तर मीटरची स्वतःची गुणकाची चूक भागाकारात उडून जाते. मधल्या बिंदूला डिव्हायडर साधारण ८.८ के इतक्या आंतररोधाचा दिसतो (७५ के आणि १० के समांतर), त्यामुळे १० मेगओहमचा मीटर लावल्याने आकडा ०.०९ टक्क्यांनीच खाली येतो, तो सोडून द्या. पण तिथे १ मेगओहमचा काही भार कायमचा लागला असेल तर जवळजवळ ०.९ टक्के कमी दिसेल, तोही सगळ्या बोर्डांवर, नेहमी खालीच. सगळेच बोर्ड एकाच बाजूला थोडे कमी दाखवत असतील तर रेझिस्टरच्या रीळवर संशय घेण्याआधी मधल्या बिंदूला काय काय जोडलंय ते बघा.